सरकते उंचवटे आणि हरवणारं क्षेत्रफळ: प्रकल्प नोंदी

२३ जून २०२५, माटुंगा

एम.एस्सी. भाग एकच्या मुलांसाठी मेझर थिअरीच्या तासांना जोडून एक टिपणवही करायला घेतली आहे. विषय एकच. फलनांच्या क्रमिकेचं आधी लिमिट घेऊन त्याचं इंटिग्रल काढलं, आणि आधी इंटिग्रल काढून मग लिमिट घेतलं, तर उत्तरं वेगळी का येऊ शकतात? मुलांना प्रमेयाचं विधान येतं, ‘डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स’ हे नावही तोंडात असतं. पण सगळ्या फलनांच्या वर राहणारं, मर्यादित इंटिग्रल असलेलं एकच फलन हवं, ही त्यातली अट काढून टाकली तर नेमकं काय मोडतं, असं विचारलं की वर्ग शांत होतो. वहीत ते मोडणं डोळ्यांना दिसलं पाहिजे, हातांनी मोजता आलं पाहिजे.

काम दोघांत वाटून घेतलं. लिखाण माझ्याकडे, आलेख आणि कोड भाग दोनच्या एका विद्यार्थ्याकडे. त्याचा पहिलाच प्रश्न मला आवडला: “मॅडम, चौकोनी ठोकळे घेऊ या की, सोपे पडतील. गुळगुळीत फलन कशाला?” ठोकळे घेतले तर मुलं सगळा दोष त्या उभ्या कडांवर ढकलतात. ‘फलन सलग नाही, म्हणून बिघडलं’ असं म्हणून मोकळी होतात. म्हणून फलन हवं तितक्या वेळा डिफरन्शिएट होणारं घ्यायचं, म्हणजे ती पळवाट उरत नाही. आमचा उंचवटा असा:

φ(u) = exp(−1/(1 − u²)), जेव्हा |u| < 1; बाकी सगळीकडे 0.

u = ±1 जवळ घातांक उणे अनंताकडे जातो, त्यामुळे फलन इतक्या हळुवारपणे शून्याला टेकतं की तिथे त्याचे सगळेच डेरिव्हेटिव्ह शून्य होतात. माथा u = 0 ला, उंची 1/e, म्हणजे सुमारे ०.३६८. खालचं क्षेत्रफळ सुमारे ०.४४४. या क्षेत्रफळाला वहीभर c म्हणणार आहोत. c चं नेमकं मूल्य कुठेही लागणार नाही. ते शून्य नाही, एवढंच पुरे.

२७ जून

पहिला उंचवटा नुसता सरकवायचा: f_n(x) = φ(x − n). आकार तोच, उंची तीच, फक्त n वाढला की तो एक पाऊल उजवीकडे जातो.

इथे मुलांची गल्लत कुठे होते ते मला माहीत आहे, म्हणून एक बिंदू धरून हिशेब लिहिला. x = ७.३ घ्या. n = ६ पर्यंत तिथे काहीच नाही. n = ७ ला किंमत φ(०.३), सुमारे ०.३३३. n = ८ ला φ(−०.७), सुमारे ०.१४१. n = ९ पासून पुढे कायमचं शून्य. कुठलाही x घेतला तरी हेच होतं: n हा x + १ च्या पुढे गेला की त्या बिंदूवर उंचवटा पुन्हा येत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवरचं लिमिट शून्य, लिमिट-फलन शून्य, आणि त्याचं इंटिग्रलही शून्य. दुसरीकडे प्रत्येक f_n चं इंटिग्रल c आहे, कारण सरकवल्याने क्षेत्रफळ बदलत नाही. इंटिग्रलांचं लिमिट c, लिमिटचं इंटिग्रल शून्य.

विद्यार्थ्याने याला विरार फास्टचं उदाहरण दिलं, आणि ते वहीत ठेवणार आहे. अंधेरीच्या फलाटावर उभा असलेला माणूस गाडी येताना पाहतो, गाडी जाते, मग रूळ रिकामे. बोरिवलीच्या माणसालाही तेच दिसतं, फक्त उशिरा. रुळांना शेवटच नाही आणि गाडीतून कोणीही उतरत नाही असं मानलं, तर फलाटावरचा प्रत्येक जण शेवटी ‘रूळ रिकामे आहेत’ असंच सांगेल, आणि प्रत्येकाचं खरं असेल. पण गाडीतली गर्दी एका माणसानेही कमी झालेली नाही.

यात ‘शेवटी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक फलाटाची ‘शेवटी’ची वेळ वेगळी. सगळ्या फलाटांवर रूळ एकदम रिकामे असतील असा कुठलाही क्षण नाही. पॉइंटवाइज कन्व्हर्जन्स फलाटागणिक साक्ष घेतं, इंटिग्रल एका क्षणी सगळ्या रुळावरची बेरीज करतं. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली नाहीत.

३० जून

अनंत रेषेवरचं उदाहरण दाखवलं की एक आक्षेप हमखास येतो: ‘हे अनंतामुळे होतंय, बंद अंतरावर नाही होणार.’ त्यासाठी दुसरा उंचवटा, तोही [0, 1] च्या आत:

f_n(x) = n·φ(nx − 2), n ≥ 3.

हा 1/n आणि 3/n यांच्या मध्येच शून्याहून मोठा असतो, माथा 2/n वर, उंची n/e. n वाढतो तसा तो शून्याकडे सरकतो, अरुंद होतो आणि उंच होतो. रुंदी n ने भागली जाते, उंची n ने गुणली जाते, क्षेत्रफळ पुन्हा c. आणि x = 0 वर तर तो कधीच पोचत नाही, कारण 1/n च्या डावीकडे काहीच नाही. हे मुद्दाम केलं आहे. नाहीतर ‘शून्यावर अनंत झालं’ असं म्हणायला वाव राहिला असता.

x = ०.०१ वर उभं राहून पाहिलं तर चित्र फार बोलकं आहे. n = १०० पर्यंत तिथे शून्य. मग किंमत चढत जाते, n = २२१ च्या सुमारास ७७.६ पर्यंत पोचते, मग उतरते, आणि n = ३०० पासून कायमची शून्य. x = ०.००१ वर हेच सगळं दहापट उशिरा आणि दहापट उंचीवर घडतं. जितकं शून्याच्या जवळ जाल तितका तो क्षण उशिरा येतो आणि तितकाच दांडगा असतो.

तिसरा प्रकार एका परिच्छेदात संपवला: (1/n)·φ(x/n). हा सरकत नाही, नुसता पसरून चपटा होतो. उंची 1/(en), त्यामुळे तो सगळ्या रेषेवर एकदम, म्हणजे युनिफॉर्मली, शून्याकडे जातो. तरी क्षेत्रफळ c च राहतं. मर्यादित लांबीच्या अंतरावर युनिफॉर्म कन्व्हर्जन्स पुरेसं असतं, अनंत लांबीच्या रेषेवर तेही पुरत नाही. एवढं सांगून पुढे जायचं, कारण खरी मजा दुसऱ्या उंचवट्यात आहे.

४ जुलै

आज दिवसभर पाऊस, त्यामुळे दोघं कॉलेजच्या लॅबमध्येच बसलो. त्याला सांगितलं, दुसऱ्या उंचवट्याचं इंटिग्रल संगणकाकडून काढून बघ, n वाढवत जा.

```python
import numpy as np
from scipy.integrate import quad

def phi(u):
    return np.exp(-1/(1-u*u)) if abs(u) < 1 else 0.0

def f(x, n):
    return n*phi(n*x - 2)

print(quad(f, 0, 1, args=(300,)))
```

n = १० ला ०.४४४ आलं. n = ३०० ला हे छापलं गेलं:

```
(0.0, 0.0)
```

पहिला आकडा उत्तर, दुसरा त्या उत्तरात किती चूक असू शकते याचा अंदाज. म्हणजे संगणक सांगतोय की क्षेत्रफळ शून्य आहे आणि त्यात तसूभरही शंका नाही. विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, याला तर लिमिटचं इंटिग्रल मिळालं!” ते वाक्य जसंच्या तसं वहीत घेतलं, कारण त्यात सगळं आलं.

कारण शोधायला अवघड नाही. `quad` पहिल्या फेरीत या अंतरावर २१ ठिकाणी फलनाची किंमत विचारतो. ती ठिकाणं ठरलेली आहेत. शून्याच्या सगळ्यात जवळचं सुमारे ०.००२१७, त्यानंतरचं सुमारे ०.०१३०५. n = ३०० चा उंचवटा ०.००३३३ ते ०.०१ या पट्टीत आहे, म्हणजे बरोबर या दोन ठिकाणांच्या मध्ये. एकवीसही ठिकाणांहून ‘शून्य’ असं उत्तर आलं. चूक किती याचा अंदाज तो दोन सूत्रांच्या उत्तरांतल्या फरकावरून बांधतो, आणि दोन्ही सूत्रं याच ठिकाणांवर चालतात. दोघांनीही शून्य सांगितलं, म्हणून फरकही शून्य.

`points=[1/300, 3/300]` असं सांगून अंतर तोडायला लावलं की लगेच ०.४४३९९ येतं. त्याहून चांगला उपाय कागदावरचा: u = nx − 2 घ्या, n निघूनच जातो आणि प्रत्येक n साठी एकच इंटिग्रल उरतं. अशा ठिकाणी संगणकाने दिलेलं शून्य खरं की खोटं हे ओळखायचं तर त्याने दिलेला चुकीबद्दलचा अंदाज पाहून उपयोग नाही. फलनाचा माथा कुठे आहे ते आधी शोधायचं आणि तिथे किमान काही बिंदू पडले आहेत का ते बघायचं.

५ जुलै

कालचं डोक्यातून गेलं नाही. `quad` ची आतली रचना गुंतागुंतीची आहे, म्हणून तीच गोष्ट अगदी साध्या बेरजेवर करून पाहिली, आणि वहीतलं सगळ्यात सुंदर पान मिळालं असं मला वाटतं.

[0, 1] चे N सारखे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर f_n ची किंमत घ्या, तुकड्याच्या लांबीने गुणा, बेरीज करा. या बेरजेला S(N, n) म्हणू. दोन आकडे आपल्या हातात आहेत: N म्हणजे आपण किती ठिकाणी पाहतो, n म्हणजे उंचवटा किती पुढे गेला आहे.

n स्थिर ठेवून N वाढवला तर S(N, n) ही c कडे जाते, कारण इंटिग्रलची व्याख्याच ती. मग n वाढवला तरी c च. आता उलट करा. N स्थिर ठेवा. शून्याच्या सगळ्यात जवळचा मध्यबिंदू 1/(2N) वर आहे. n हा 6N एवढा झाला की उंचवट्याची उजवी कड 3/n या मध्यबिंदूपाशी येते, म्हणजे सगळा उंचवटा पहिल्या अर्ध्या तुकड्यात दडला. तिथून पुढे S(N, n) काटेकोर शून्य. ५० तुकडे केले असतील तर n = ३०० पासून.

दोन्ही एकदम वाढवले तर? N = n घ्या. मध्यबिंदू (k + ½)/n वर पडतात, त्यांच्यासाठी u च्या किमती −१.५, −०.५, ०.५, १.५ अशा येतात, आणि उंचवट्याच्या आत फक्त दोनच: ±०.५. बेरीज 2·φ(½), म्हणजे सुमारे ०.५२७. प्रत्येक n साठी तीच, एका दशांशाचाही फरक नाही. N = 2n घेतलं तर आत चार बिंदू येतात आणि बेरीज ०.४४६ वर थांबते. म्हणजे उत्तर ०, ०.४४४, ०.४४६ की ०.५२७, हे फलनावर ठरत नाही. N आणि n एकमेकांच्या किती पुढे-मागे धावतात त्यावर ठरतं.

लिमिट आणि इंटिग्रल यांची अदलाबदल ही मुळात दोन लिमिटांच्या क्रमाची अदलाबदल आहे, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. पण त्या वाक्याला असे आकडे जोडले की मुलांना ते हातात धरता येतं. हे पान गाळायचं नाही, कितीही लांबलं तरी.

११ जुलै

आता अटीकडे. क्षेत्रफळ हरवायला उंचवटा किती उंच व्हावा लागतो? उंची n ऐवजी n^a ठेवली:

f_n(x) = n^a·φ(nx − 2), a > 0.

क्षेत्रफळ c·n^(a−1). a = १ ला ते c वर थांबतं, a मोठा असेल तर अनंताकडे जातं, आणि a १ पेक्षा लहान असेल तर शून्याकडे, म्हणजे जिथे जायला हवं तिथेच.

a = ½ चं उदाहरण मुलांनी नीट बघावं असं वाटतं. n = १००० ला माथ्याची उंची सुमारे ११.६ आहे, आणि ती पुढे अमर्याद वाढणार आहे. युनिफॉर्म कन्व्हर्जन्सचं नावही नको. तरी क्षेत्रफळ ०.०१४ वर आलेलं आहे आणि शून्याकडे चाललं आहे. ‘युनिफॉर्म नाही म्हणजे अदलाबदल चालणार नाही’ ही समजूत पुष्कळ मुलं बी.एस्सी.पासून घेऊन येतात. मर्यादित अंतरावर युनिफॉर्म असणं पुरेसं आहे, आवश्यक नाही.

मग आवश्यकतेच्या जवळ जाणारं काय? सगळे उंचवटे एकाच आलेखावर काढले आणि त्या सगळ्यांवरून एक पांघरूण टाकलं: g(x) = sup f_n(x), म्हणजे त्या बिंदूवर कुठल्याही n ला आलेली सगळ्यात मोठी किंमत. डॉमिनेटेड कन्व्हर्जन्समध्ये सगळ्या f_n च्या वर राहणारं, मर्यादित इंटिग्रल असलेलं एक फलन हवं असतं. असं कुठलंही फलन असेल तर ते या g च्या वरच असणार. म्हणून प्रश्न एवढाच उरतो: g चं क्षेत्रफळ मर्यादित आहे का?

a < १ असेल तर हिशेब एका ओळीचा. x वर उंचवटा असेल तर n < 3/x, म्हणून किंमत (3/x)^a / e पेक्षा जास्त होऊच शकत नाही. 1/x^a चं [0, 1] वरचं इंटिग्रल 1/(1−a), मर्यादित. प्रमेय लागू पडतं.

a = १ ला पांघरूण 1/x सारखं वागतं. खालून मोजू. 2/(n+1) ते 2/n या पट्टीत u ची किंमत −2/(n+1) पासून 0 पर्यंत असते. n ≥ ३ असल्यामुळे φ तिथे φ(½) पेक्षा, म्हणजे ०.२६३ पेक्षा खाली जात नाही. पट्टीची लांबी 2/(n(n+1)), उंची किमान n·φ(½). गुणाकार केला की एका पट्टीचं क्षेत्रफळ किमान ०.५२६/(n+1). सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे ¼ + ⅕ + ⅙ + … ची ०.५२६ पट, आणि ही हार्मोनिक मालिका अनंताकडे जाते. पांघरुणाचं क्षेत्रफळ अनंत. प्रमेयाची अट नेमकी तिथेच मोडते जिथे निष्कर्ष मोडतो.

27 जूनच्या सरकत्या उंचवट्यांचं पांघरूण याहून सोपं: उजवीकडे जाणारी एकसारखी लाटांची ओळ, तीही अनंत लांबीची.

१४ जुलै

कालिन्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले होते. परतताना हार्बरच्या गर्दीत एक प्रश्न सुचला, घरी येऊन सोडवला: a < १ आणि a = १ यांच्या फटीत काही बसतं का?

बसतं. उंचीला n च्या जागी n/ln n घ्या, n ≥ ३. क्षेत्रफळ c/ln n, म्हणजे शून्याकडे जातं. अदलाबदल बरोबर. पण पांघरूण? परवाचाच हिशेब पुन्हा केला की पट्टीमागे किमान ०.५२६/((n+1)·ln n) येतं, आणि या मालिकेची बेरीजही अनंतच आहे, फार रेंगाळत का होईना. म्हणजे इथे प्रमेयाची अट मोडते आणि निष्कर्ष मात्र टिकतो. डॉमिनेशन पुरेसं आहे, आवश्यक नाही.

या उदाहरणासोबत आकड्यांबद्दल एक सावधगिरी लिहून ठेवली. n = १० लाख असताना a = ०.९ च्या उंचवट्याचं क्षेत्रफळ अजून ०.११२ आहे, आणि n/ln n वाल्याचं ०.०३२. आकडे बघून कोणालाही वाटेल की दुसरा वेगाने शून्याकडे जातोय. खरं उलट आहे. पहिला शेवटी पुढे निघतो, पण त्यासाठी n सुमारे ३४ कोटी कोटींच्या पुढे जावा लागतो. अशा ठिकाणी तक्ता छापून निष्कर्ष काढू नये.

१८ जुलै

मग नेमकी अट कोणती? ती व्हितालीने १९०७ मध्ये दिलेल्या विचारातून येते: युनिफॉर्म इंटिग्रेबिलिटी. [0, 1] सारख्या मर्यादित अंतरावर, ऋण नसलेल्या फलनांची क्रमिका जवळपास सगळ्या बिंदूंवर मर्यादित इंटिग्रल असलेल्या f कडे जात असेल, प्रत्येक f_n चं इंटिग्रलही मर्यादित असेल, तर इंटिग्रलंही f च्या इंटिग्रलकडे जातात ते बरोबर तेव्हाच, जेव्हा क्रमिका युनिफॉर्मली इंटिग्रेबल असते.

वहीत व्याख्या अशी मांडली: उंचीची एक रेघ M ठरवा. प्रत्येक f_n चा जो भाग M च्या वर डोकं काढतो, त्या भागाखालचं क्षेत्रफळ मोजा. सगळ्या n मधलं सगळ्यात मोठं असं क्षेत्रफळ घ्या. M वाढवत नेल्यावर ते शून्याकडे जायला हवं.

a = १ वर लावून पाहू. M कितीही मोठा घ्या, एक कोटी घ्या. f_n > M म्हणजे φ(u) > M/n. n अजून वाढला की M/n शून्याजवळ येतो, आणि जवळपास सगळाच उंचवटा रेघेच्या वर जातो. रेघेवरच्या भागाचं क्षेत्रफळ c च्या हवं तितकं जवळ. M बदलून काही फरक पडत नाही, ते नेहमी c च राहतं. हरवलेलं क्षेत्रफळ आणि हा न शमणारा आकडा एकच आहेत, याचा मला आज फार आनंद झाला.

n/ln n वाल्याचं काय होतं? रेघेवर डोकं काढायला n मोठा हवा, आणि n मोठा झाला की सगळं क्षेत्रफळच c/ln n एवढं लहान. म्हणून M वाढला की आकडा शून्याकडे जातो. पांघरुणाने नापास केलेलं उदाहरण इथे पास होतं.

विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, क्षेत्रफळ हरवतंय हे कळलं. पण कधी आपोआप वाढेल का?” ऋण नसलेल्या फलनांत कधीच नाही. फातूने १९०६ मध्ये दिलेलं लेमा हेच सांगतं की लिमिटचं इंटिग्रल हे इंटिग्रलांच्या लिमिटपेक्षा मोठं होऊ शकत नाही. आमचे तिन्ही उंचवटे त्या असमानतेची काटेकोर बाजू दाखवतात: 0 < c. उंचवटा उलटा करून खड्डा केला, −f_n घेतलं, की असमानता फिरते. म्हणून लेमात ‘ऋण नसलेली’ हा शब्द गाळायचा नाही. परीक्षेत तो गाळलेला मी पुष्कळ उत्तरपत्रिकांत पाहिला आहे.

२५ जुलै

शेवटचं प्रकरण. दुसऱ्या उंचवट्याचं क्षेत्रफळ जातं कुठे?

हे विचारायची पद्धत अशी: [0, 1] वरचं एखादं सलग फलन h घ्या आणि f_n ला त्याने गुणून इंटिग्रल काढा. h(x) = 1 + x घेतलं तर उत्तर काटेकोर येतं: c·(1 + 2/n). n = ३०० ला ०.४४७. लिमिट c·1, आणि h(0) बरोबर 1.

कुठल्याही सलग h साठी हेच होतं. u = nx − 2 घातलं की इंटिग्रल असं दिसतं: φ(u)·h((u+2)/n), u −१ पासून १ पर्यंत. n वाढला की (u+2)/n शून्याकडे जातो, h ची किंमत h(0) कडे जाते. आणि आता सगळ्या n साठी एकच पांघरूण पुरतं, φ(u) गुणिले |h| ची कमाल किंमत, ज्याचं क्षेत्रफळ मर्यादित आहे. x मध्ये जे प्रमेय लागू होत नव्हतं तेच u मध्ये लागू झालं. लिमिट c·h(0).

म्हणजे क्षेत्रफळ x = 0 या एका बिंदूवर गोळा झालं आहे. फलनांच्या जगात त्याला जागा नाही, कारण एका बिंदूवरच्या किमतीचा इंटिग्रलला पत्ताच लागत नाही. पण मेझरांच्या जगात आहे: शून्यावर ठेवलेलं c वजनाचं डेल्टा मेझर. इथे h सलग असणं खरोखर लागतं. h ची फक्त शून्यावरची किंमत बदलून ५ केली, तर एकाही n चं इंटिग्रल हलत नाही, आणि लिमिट 5c होत नाही.

सरकत्या उंचवट्याला हीच परीक्षा लावली तर वेगळं उत्तर मिळतं. मर्यादित अंतराबाहेर शून्य असलेलं कुठलंही सलग h घ्या, n पुरेसा मोठा झाला की इंटिग्रल शून्य. h = 1 घेतलं तर मात्र c. त्या क्षेत्रफळाला रेषेवर कुठेच बिंदू सापडत नाही. दोन्ही ठिकाणी हरवलेला आकडा c च आहे, पण एकात तो शून्यावर सापडतो आणि दुसऱ्यात रेषेबाहेर जातो. वहीत हे दोन आलेख समोरासमोरच्या पानांवर येतील. अक्ष दोन्हींचे सारखे ठेवायला सांगितलं आहे, आणि दुसऱ्या उंचवट्याचा आलेख n = ३० पर्यंतच काढायचा, त्यापुढे तो उभ्या अक्षाला चिकटून रेघेसारखा दिसतो.